पहिली ओळ माझ्या तब्येतीच्या चौकशीत घालवू नका रे

रिक्रूटर आहे मी, आणि आज सकाळपासून डोकं फिरलंय. लिंक्डइन उघडलं तर नोकरीसाठी आलेल्या मेसेजच्या यादीत एकाखाली एक "डिअर सर/मॅडम, आय होप धिस मेसेज फाइंड्स यू वेल..." आणि तिथेच ओळ संपते. माणूस कोण, त्याला काय येतं, कुठल्या पोस्टसाठी लिहिलंय, काही पत्ता नाही. अरे मला यादीत तुमचं नाव, फोटो आणि सुरुवातीचे मोजके शब्द दिसतात, बास. जीमेलमध्येही तेच, सब्जेक्ट आणि पुढे मजकुराचा तुकडा.

रिक्रूटर माजलेत म्हणतात लोक. काही आहेत, मान्य. पण बाकीच्यांकडे एका वेळी दहा-बारा पोझिशन उघड्या असतात, वर मॅनेजर रोज विचारतो प्रोफाइल कुठेत, अशा वेळी मेसेज बघताना डोक्यात एकच प्रश्न असतो, हा माझ्या कुठल्या पोझिशनला बसतो? त्याचं उत्तर पहिल्या ओळीत नसेल तर बोट पुढे सरकतं.

मागे लातूरच्या एका मुलीचा मेसेज आला होता, ओळख ना पाळख. पहिली ओळ अशी: "तुमच्या पुण्यातल्या जावा बॅकएंड पोस्टसाठी लिहितेय, ४ वर्षं पेमेंट सिस्टीमवर काम, नोटीस ३० दिवस." मी मीटिंगला निघाले होते, चालता चालता उघडला. पोस्टचं नाव आधी होतं म्हणून पुढचं कापलं जाऊनही मला कळलं कुठली पोझिशन. पेमेंटवाला माणूस मॅनेजर कधीपासून मागत होता. आणि आयटीत ९० दिवसांची नोटीस सर्रास असताना ३० दिवस म्हणजे जागा लवकर भरणार. सीव्हीत एक वर्षाची गॅप होती, तीही तिने दुसऱ्याच ओळीत सरळ सांगितली होती, आईचं आजारपण. तोवर मी वाचत होते ना, म्हणून ती गॅप अडली नाही.

चिडते खरी, पण या पोरांचा राग येत नाही. कॉलेजात "रिस्पेक्टेड सर"नेच सुरुवात करायला शिकवलेलं असतं, गावाकडच्या पोरांना तर थेट कामाचं बोलणं उद्धटपणा वाटतो. राग येतो तो पैसे घेऊन टेम्प्लेट विकणाऱ्यांचा! "तुमच्या प्रोफाइलने भारावून गेलो" हे वाक्य एकाच दिवशी तीन जणांकडून शब्द न शब्द तेच आलं, की तिघंही हातचे जातात, त्यातला एखादा खरंच चांगला असला तरी.

फ्रेशरकडे वर्षं नसतात, कबूल. त्यांनी पोस्टच्या नावापुढे स्वतः बनवलेली एक गोष्ट लिहावी, "कॉलेजच्या मेसचं हजेरी ॲप बनवलं, पोरं रोज वापरतात". लातूरच्या त्या मुलीनेही मोठमोठे शब्द कुठे वापरले होते? नमस्कार होता तिचा, पण शेवटी, नावाच्या वर.

पाठवायच्या आधी तो मेसेज मित्राला पाठवा आणि त्याच्या फोनवर न उघडता बघा. जेवढं दिसतंय तेवढ्यावरून त्याला पोस्ट आणि तुमचं काम सांगता आलं नाही, तर ओळ बदला.