गाडी पक्याची, पॉलिसी अजून जुन्या मालकाची

काल कट्ट्यावर वाद पेटला तो पक्याच्या सेकंड हँड कारवरून. पैसे देऊन झाले, चावी हातात आली, सोबत पॉलिसीची कॉपी मिळाली आणि तिचे अजून चार महिने बाकी, म्हणून पक्या निवांत. म्हणे "इन्शुरन्स गाडीचा असतो, गाडी माझी झाली म्हणजे तोपण आलाच की." सच्या म्हणाला अजिबात नाही, तुझं नाव चढेपर्यंत तो नुसता कागद आहे. झालं, दोघांचे आवाज चढले.

आप्पा बरीच वर्षं क्लेमचे सर्व्हे करायचे, त्यांनी दोघांना थांबवलं. "पक्या, तुझं थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यापुरतं, खरंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 157, गाडी विकली त्या तारखेपासून थर्ड पार्टी कव्हर आपोआप नव्या मालकाकडे जातं. पण तुझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, म्हणजे ओन डॅमेज, ते आपोआप येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच सांगितलंय हे."

"म्हणजे आज ठोकली तर?"

"तर पॉलिसी ज्याच्या नावावर त्याची आता गाडीच नाही, त्याचं नुकसान काय झालं? आणि नुकसान झालं तुझं, तर तुझा कंपनीशी करार नाही. पैसे कुणालाच नाहीत."

पक्या जरा गप्प झाला, मग म्हणाला ठीक आहे, आरसी नावावर होऊन आली की पॉलिसीचंही करतो. आप्पा म्हणाले लोक नेमके इथेच अडकतात, कारण कंपनीला कळवायची मुदत गाडी घेतल्यापासून 14 दिवस आहे आणि आरसीला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर गाडी रस्त्यावर फिरतेच की. म्हणून गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या, आरटीओत फी भरली की त्या कॉप्या आणि पावती जोडून लगेच कंपनीकडे अर्ज टाकायचा. काही कंपन्या नवीन आरसी आल्याशिवाय एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर नाव बदलल्याचा कागद, देत नाहीत, तरी अर्ज वेळेत गेल्याचा ईमेल आपल्याकडे पाहिजे. पण एंडोर्समेंट हातात येईपर्यंत ओन डॅमेज आहे असं धरून चालू नको, हे आप्पांनी दोनदा बजावलं.

कागद काय लागतात ते सच्याने मोबाईलवर टाइप करून घेतलं. पक्याच्या नावाने नवीन प्रपोजल फॉर्म, जुनी पॉलिसी, आरसी, 29-30 च्या कॉप्या, केवायसीसाठी पॅन-आधार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या मालकाचं सहीचं संमतीपत्र, कारण ओन डॅमेज नावावर करायला ते लागतंच आणि पैसे मिळाल्यावर विकणारा फोन उचलेलच असं नाही. शिवाय कंपनी गाडीचं इन्स्पेक्शन सांगू शकते. थर्ड पार्टी एका कंपनीची आणि ओन डॅमेज दुसरीची असेल तर दोन्हीकडे अर्ज करायचा, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

खरं भांडण पुढे झालं, एनसीबीवरून. पॉलिसीवर 50 टक्के नो क्लेम बोनस होता आणि पक्या त्यावर खूश होता. आप्पा म्हणाले तो बोनस जुन्या मालकाचा, त्याने क्लेम केला नाही म्हणून मिळालेला, तुझ्याकडे येणार नाही, उलट उरलेल्या काळाचा फरक तुला भरावा लागेल. पक्या भडकला, "वरून पैसे मीच देऊ?" मग आप्पांनी हिशोब करून दाखवला. समजा बोनस धरायच्या आधी ओन डॅमेजचा वर्षाचा प्रीमियम 12,000, त्यात 50 टक्के म्हणजे 6,000 सूट. चार महिने उरलेत तर 6,000 चा तिसरा हिस्सा, 2,000, वर 18 टक्के जीएसटीचे 360, झाले 2,360. मला तरी चार महिन्यांच्या कव्हरसाठी हे अजिबात जास्त वाटत नाही.

"आणि नाही भरले, तशीच ऑनलाइन रिन्यू केली तर?" पक्याने विचारलं. तर बोनस चुकीचा घेतला म्हणून क्लेमच्या वेळी कंपनी पैसे कापेल नाहीतर क्लेम सरळ नाकारेल, आप्पा म्हणाले, मी अशा फाइली पाहिल्यात.

शेवटी पक्याने तिथूनच जुन्या मालकाला फोन लावला. संमतीपत्राचं नाव काढल्यावर तो जरा कुरकुरला, पण आप्पांनी पक्याला खुणेने सांगितलं की त्याला एनसीबीचं पत्र घ्यायला सांग, गाडी विकल्याचा पुरावा देऊन ते कंपनीकडून मिळतं आणि 3 वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली तर तोच बोनस तिथे वापरता येतो. तो पुरावा म्हणजे हेच सह्या झालेले फॉर्म. हे ऐकल्यावर तो स्वतःच म्हणाला, उद्या सकाळी आरटीओत भेटू, संमतीपत्रावर तिथेच सही करतो.