फ्लिप मारलं की झालं प्रतिबिंब?

"प्रॉडक्ट चकचकीत टेबलावर ठेवल्यासारखं दाखवायचंय? फोटोशॉपमध्ये लेअर डुप्लिकेट करा, Flip Vertical मारा, Opacity 50% ठेवा, वरून Drop Shadow. एकदम रिअल! कुठल्याही फोटोला चालतं."

हा मेसेज फिरत फिरत आमच्या वहिनीपर्यंत पोचला आणि तिच्या लोणच्याच्या सगळ्या बरण्या हवेत तरंगायला लागल्या, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आचरट भाग ते फ्लिप. बरणीचा फोटो जरा वरून काढलेला असतो ना, झाकणाचा वरचा गोल दिसतो, आणि फ्लिप केलं की तोच गोल प्रतिबिंबातही येतो. अहो, ओट्याच्या ग्रॅनाइटवर बरणी ठेवा आणि झाकणाचा माथा प्रतिबिंबात शोधून दाखवा! नाही दिसणार, कारण ओटा बरणीकडे खालून बघतो. दुसरं म्हणजे लेबलच्या कडा. वरून बघताना त्यांचा बाक खाली असतो, खऱ्या प्रतिबिंबातही तो खालीच राहतो, फ्लिपमध्ये मात्र वर जातो. बुडाचंही तेच, दोन कमानी मधोमध एकाच ठिकाणी टेकतात आणि दोन्ही बाजूंना फट राहते, म्हणून तरंगते ती.

मग करायचं काय, तर कॉपीमधून झाकणाचा वरचा गोल मास्क करून टाका, मग फ्लिप करा, कॉपी मूळ बरणीच्या मागच्या लेअरवर ठेवून वर सरकवा, बुडाचे दोन्ही कोपरे जुळेपर्यंत. त्यानंतर Edit > Transform > Warp घेऊन मधला भाग खाली ओढा, लेबलचा बाक पुन्हा खाली येईपर्यंत.

50% चं म्हणाल तर त्याला उत्तर फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. काचेवर सरळ वरून बघितलं तर जेमतेम 4% प्रकाश परत येतो, उभ्या रेषेपासून 60 अंशांवर साधारण 9%, 75 वर 25%. ओट्यावर उभ्याने बघा आणि मग वाकून बघा, कळेल. म्हणजे कॅमेरा जितका वर तितकं प्रतिबिंब फिकं, एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

Drop Shadow तर भिंतीवर चिकटवलेल्या स्टिकरसाठी ठीक आहे, झाकणाचीही सावली मागे पडते त्यात. बरणी टेकल्यासारखी दिसायला हवी तर प्रतिबिंबाच्या वर आणि बरणीच्या खाली एक लेअर घ्या, Multiply, बुडाच्या कडेने बारीक काळी रेघ, अगदी थोडं ब्लर. टेकते तिथे गडद, बाहेर लगेच विरलेली. बरणीखाली पांढऱ्या अॅक्रिलिकची शीट असेल तर त्याभोवती अजून एक पसरट फिकी सावली. काळ्या अॅक्रिलिकवर सावली जवळपास दिसतच नाही, तिथे प्रतिबिंबावरच भागवा.

बरं, एक मान्य करतो: कॅमेरा अगदी टेबलाच्या पातळीला आणि वस्तू समोरून सपाट असेल तर नुसतं फ्लिप चालून जातं. पण कोपऱ्यातून घेतलेल्या चौकोनी खोक्याला बिलकुल नाही, तिथे दोन्ही बाजू वेगळ्या कापून प्रत्येकीला वेगळं Skew द्यावं लागतं.