पॅडिंग शून्य, रिझोल्यूशन कमाल: चेहरा नेमका इथेच फसतो

«मोठ्या फोटोतला छोटा चेहरा सुधारायचाय? `Only masked` निवडा आणि पॅडिंग शून्यावर आणा, नाहीतर शेजारचंही बदलतं आणि रिझोल्यूशन फुकट जातं. `Width` आणि `Height` मात्र ग्राफिक्स कार्डाला झेपेल तेवढी मोठी ठेवा. जितके पिक्सेल जास्त, तितका चेहरा रेखीव.»

फोटोतला मास्क केलेला, म्हणजे रंगवून निवडलेला, भाग स्टेबल डिफ्युजन या चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलकडून पुन्हा काढून घेण्याबद्दलचा हा सल्ला. यातलं `Only masked` बरोबर आहे, त्यावर वाद नाही. बाकीचं एकेक पाहू. सेटिंगची नावं ऑटोमॅटिक११११ च्या वेबयूआयमधली, म्हणजे हे मॉडेल चालवायच्या प्रोग्राममधली आहेत.

शेजारचं बदलतं? नाही बदलत. `Only masked` मध्ये प्रोग्राम मास्कभोवती चौकट आखतो, ती पॅडिंगएवढी रुंदावतो, तो तुकडा कापून `Width`×`Height` इतका ताणतो, त्यावर मॉडेल चालवतो आणि पुन्हा लहान करून जागेवर बसवतो. बसवताना फक्त मास्कच्या आतलं उचललं जातं (कडेला `Mask blur` एवढी मिसळण). पॅडिंगचा भाग मॉडेल नुसतं बघतं.

आणि ते बघणंच महत्त्वाचं आहे. पॅडिंग शून्य असेल तर तुकड्यात चेहऱ्याशिवाय जवळपास काहीच उरत नाही. मान कुठे वळली आहे, ऊन कुठल्या बाजूने आहे, खांदे केवढे आहेत, हे मॉडेलला कळणार कसं? मग ते सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा काढतं. अंग डावीकडे वळलेलं आणि तोंड पासपोर्टच्या फोटोसारखं समोर, असं दिसलं की पॅडिंग कमी पडलंय असं समजा. गालावरची सावली आणि मानेवरची सावली उलट बाजूंना पडली असेल, तरी कारण बहुधा हेच.

रिझोल्यूशन फुकट जातं? हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून आकडेच मांडतो. फोटो ४०००×३०००, त्यात मास्क केलेला चेहरा ८० पिक्सेल रुंद आणि १०० उंच. पॅडिंग हे मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजलं जातं, ताणलेल्या तुकड्याच्या नाही. बहुतेकांची गल्लत इथे होते. नेहमीचं ३२ ठेवलं तर, `Mask blur` शून्य धरून, चौकट १४४×१६४ होते. `Width` आणि `Height` सारखी असल्याने ती पुढे १६४×१६४ करून घेतली जाते. ५१२ वर ताणल्यावर चेहरा सुमारे ३१२ पिक्सेल उंच होतो. स्टेबल डिफ्युजन आतमध्ये आठ पिक्सेलला एक घर या हिशेबाने काम करतं, म्हणजे चेहऱ्याला ३९ घरं मिळाली. डोळे-ओठ नीट बसायला एवढी पुरतात.

पॅडिंग १०० केलं तर चौकट ३०० ची होते आणि ५१२ वर चेहऱ्याच्या वाट्याला २१ घरं येतात. डोळे गढूळ व्हायला लागतात, इथवर तक्रार रास्त आहे. पण स्टेबल डिफ्युजनची मोठी आवृत्ती एसडीएक्सएल घेऊन तेच १०२४ वर चालवलं तर ४२ घरं मिळतात, वर खांद्यापर्यंतचा संदर्भही. म्हणजे पॅडिंग एकटं चांगलं किंवा वाईट नसतं. ताणल्यावर चेहरा किती उंच होतो ते बघायचं. मी तो साधारण ३०० ते ४०० पिक्सेलमध्ये ठेवतो.

मग रिझोल्यूशन वाढवतच का न्यायचं नाही? कारण शेवटी चेहरा परत १०० पिक्सेलच्या जागेत बसणार आहे. वरच्याच पॅडिंगने २०४८ वर चालवलंत तर मॉडेल ६८० पिक्सेल उंच चेहरा काढेल आणि पापण्यांचा एकेक केस लहान करताना पुसला जाईल. वेळ आणि मेमरी गेली ती गेलीच. शिवाय स्टेबल डिफ्युजनची जुनी आवृत्ती एसडी १.५ ही ५१२ च्या आसपास शिकलीय आणि एसडीएक्सएल १०२४ च्या. त्याच्या फार पुढे गेलं की मॉडेल एका तुकड्यात दोन चेहरे बसवू पाहतं: हनुवटीखाली दुसरं तोंड, कपाळावर भुवयांसारख्या रेघा. मूळ चित्र किती बदलायचं ते ठरवणारं `Denoising strength` ०.३५-०.४५ ठेवलं तर हे दबतं, कारण मूळ आकार टिकून राहतो, ०.७५ वर मात्र हमखास डोकं वर काढतं.

एक गोष्ट या सल्ल्यात राहूनच गेली आहे: प्रॉम्प्ट. मॉडेलला फक्त तुकडा दिसतो. तिथे अख्ख्या समूहचित्राचं वर्णन तसंच ठेवलंत तर ते गालावरसुद्धा माणसं काढायला बघेल. तुकड्यात जे आहे तेवढंच लिहा: वय, चेहऱ्याची दिशा, प्रकाश.

संदर्भ एकाच बाजूला हवा असेल, समजा फक्त खांद्याकडे, तर पॅडिंग चौफेर वाढवू नका. खांद्याजवळ मास्कचा एक बारीक ठिपका द्या. चौकट त्या ठिपक्यापर्यंत ताणली जाते आणि ठिपक्याखालचे मोजके पिक्सेल सोडले तर तिथलं काही बदलत नाही.

निकाल तपासताना झूम १००% वर ठेवा आणि शेजारच्या चेहऱ्यांशी ताडून बघा. सगळे जरा मऊ, दाणेदार आणि हा एकटाच कापून चिकटवल्यासारखा धारदार दिसत असेल, तर रिझोल्यूशन आणखी वाढवून काही होणार नाही. त्या चेहऱ्यावर थोडा ग्रेन टाका.