दुसरा सप्लायर फक्त यादीत असून भागत नाही

"दोन-दोन सप्लायर ठेवणं म्हणजे पैशांची नासाडी. सगळी क्वांटिटी एकालाच द्या, भाव पाडून घ्या. दोघांत वाटलं तर डाय दोनदा करावी लागते आणि दोघांसाठीही आपण छोटेच राहतो. टोयोटासुद्धा एकालाच धरून असते. अगदीच भीती वाटत असेल तर दुसऱ्याचं नाव यादीत ठेवा, अडलं की फोन करा."

रबाळे, महापे, तुर्भे भागातल्या खरेदीवाल्यांमध्ये हा मेसेज जोरात फिरतोय. त्यावर विश्वास ठेवून कोणी आपला चालू दुसरा सप्लायर बंद करू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी भाव. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा एखादा पंप बनवणारा कारखाना धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी आपापले घालावेत. महिन्याला अ‍ॅल्युमिनियमच्या 10,000 बॉडी लागतात, प्रेशर डाय कास्टिंग करून मशिनिंग केलेल्या. सगळं काम एकाला दिलं तर भाव नगाला 182 रुपये. 70-30 वाटलं तर पहिला 185 मागतो, दुसरा 194. महिन्याचं बिल 18,20,000 वरून 18,77,000 वर जातं, म्हणजे वर्षाला 6,84,000 रुपये जास्त. हे पैसे खरोखर खिशातून जातात, ते लपवण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. एका पंपामागे मालाचा खर्च वजा जाता 300 रुपये सुटतात आणि दिवसाला 400 पंप निघतात. म्हणजे लाइन बंद राहिली की दिवसाला 1,20,000 गेले. पगार, भाडं, हप्ते तर चालूच राहतात. एकुलता एक सप्लायर बसला आणि नवा उभा करायचा झाला तर डाय बनायला सहा ते आठ आठवडे, मग सॅम्पल, मोजमाप, ट्रायल लॉट. तीन महिने सहज जातात. दोन आठवड्यांचा स्टॉक धरला तरी दहा आठवडे, म्हणजे कामाचे साठ दिवस लाइन उभी. 72 लाख रुपये. वर्षाचा जादा खर्च याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. त्यामुळे असा मोठा फटका दहा वर्षांत एकदा बसणार असेल, तरी दुसरा सप्लायर स्वतःचा खर्च भरून काढतो. चार-पाच दिवसांच्या खोळंब्यासाठी मात्र हा हिशेब लावू नका, तेवढं स्टॉक आणि रविवारच्या ओव्हरटाइमवर निभावतं. प्रश्न लांबलचक बंदचा आहे: भट्टीजवळची आग, कामगारांचा वाद, बँकेने शेडला लावलेलं सील.

शिवाय 182 हा आजचा भाव आहे. इंगटचा दर चढला की वाढीव भावाचं पत्र आठवड्यात येतं, उतरला की महिनोन्महिने कोणी बोलत नाही. तुलनेला दुसरं कोटेशन, तेही प्रत्यक्ष माल देणाऱ्याचं, नसेल तर कशाच्या जोरावर बोलणार?

डायचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण डायचं आयुष्य शॉट्समध्ये मोजतात, वर्षांत नाही. आपली डाय साधारण एक लाख शॉट्स चालते आणि एका शॉटला एक नग निघतो असं धरा. वर्षाला 1,20,000 नग काढताना वर्षभराच्या आत नवी डाय लागणारच आहे. काम दोन डायवर वाटलं तर दोन्ही तेवढ्याच हळू झिजतात, एकूण शॉट्स तेच. दुसऱ्या डायचे पैसे आधी गुंतवावे लागतात, त्यावरचं व्याज हा खरा खर्च. मात्र दुसरी डाय करताना दोन्ही डायमध्ये त्या-त्या सप्लायरचं अक्षर कोरून घ्या, मशिनिंग होत नाही अशा एखाद्या उंचवट्यावर. बॉडीवर 'अ' की 'ब' हे उमटलेलं दिसलं की गळती टेस्टला नापास झालेला नग कोणाचा, यावर वाद होत नाही. दोन सप्लायर असताना ही खूण नसेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आपण छोटे ठरतो का? पाच टक्के दिलं तर नक्कीच ठरतो. मशीन मोकळी झाली की आपलं काम लागेल. वरच्या उदाहरणात तीस टक्के म्हणजे महिन्याला 5,82,000 चं काम आहे. दोन-तीन मशिनींच्या शेडला ते मोठं गिऱ्हाईक आहे. दुसरा सप्लायर निवडताना त्याच्या नावापेक्षा त्याच्या धंद्यात आपला वाटा किती, हे आधी बघा.

यादीतल्या नावाचा आधार सगळ्यांत फसवा. त्याच्याकडे आपली डाय नाही, मशिनिंगचं फिक्श्चर नाही, आपल्या ड्रॉइंगमधलं कोणतं माप त्रास देतं हे त्याच्या माणसांना माहीत नाही. फोन केल्यावर तो "पाठवा साहेब, बघतो" म्हणेल आणि तीन महिन्यांचं घड्याळ त्या दिवशी सुरू होईल. जो दर महिन्याला माल देतो, तोच अडीनडीला वाढवून देऊ शकतो. तिथेही एक गोष्ट तपासा: कास्टिंग वाढवणं सोपं असतं, तिसरी पाळी लावली की नग निघतात, गाडी अडते ती मशिनिंगवर. एकच फिक्श्चर असेल तर 3,000 चे 7,000 होणार नाहीत. जादा फिक्श्चर आधीच करून ठेवा आणि किती दिवसांत किती वाढवणार, हे पीओच्या अटींत लिहून घ्या.

टोयोटाचा दाखला तर उलटाच पडतो. 1 फेब्रुवारी 1997 ला टोयोटाचा सप्लायर असलेल्या आयसिन कंपनीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्यात आग लागली. ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह टोयोटा जवळपास संपूर्णपणे तिथूनच घेत होती आणि हाताशी स्टॉक अगदी थोडा होता. जपानमधले टोयोटाचे बहुतेक असेंब्ली प्लांट काही दिवस बंद पडले. आठवड्याभरात गाडी रुळावर आली, कारण डझनावारी इतर कंपन्यांनी ड्रॉइंग घेऊन तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. आपल्यासाठी इतके जण हातातलं काम बाजूला ठेवतील का?

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र दोन सप्लायर ठेवणाऱ्यांनाही गाठते. आमच्याकडे एका भागाचे दोन सप्लायर होते, शेड वेगळ्या, मालक वेगळे. एका पावसाळ्यात दोघांचाही माल एकाच दिवशी थांबला. चौकशी केली तेव्हा कळलं की दोघंही पावडर कोटिंग एकाच ठिकाणी करून घेत होते आणि तिथे पाणी शिरलं होतं. तेव्हापासून मी सप्लायरला भेटतो तेव्हा माल त्याच्या दारातून कुठे-कुठे जातो हे विचारतो: इंगट कोणाकडून, शॉट ब्लास्टिंग कुठे, कोटिंग कुठे, टेम्पो कोणाचा. एक सप्लायर रबाळ्यात आणि दुसरा मागच्याच गल्लीत असेल तर वीज, पाणी, रस्ता सगळं सामाईक आहे. दुसरा अंबरनाथ किंवा वसईचा असेल तर भाडं वाढतं, पण एकच पूर दोघांना बुडवण्याची शक्यता कमी होते.

प्रत्येक भागाला दोन हवेत असं नाही. महिन्याला तीन-चारशे नगांचा भाग असेल तर वाटणी करण्याइतकं कामच नसतं. तिथे एकच ठेवा, पण तीन महिने पुरेल एवढा स्टॉक धरा, कारण नवा सप्लायर उभा करायला तेवढाच वेळ लागतो. आणि डाय तुमच्या पैशांची असेल तर तिच्यावर तुमच्या कंपनीचं नाव-नंबर कोरलेली पट्टी ठोका, आणि "डाय आमच्या ताब्यात आहे पण मालकी तुमची" असं पत्र सप्लायरकडून दरवर्षी घ्या. शेडला बँकेचं सील लागलं की आतली डाय आपली आहे हे सिद्ध करायला तेवढंच हातात उरतं.