व्हिडिओ कायमचा बुडवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन तुम्ही दीड तास सलग शूट केलंत आणि यूट्यूबवर चढवलंत. मुंबई-पुण्याला असलेल्या मंडळींनी आपापल्या ग्रुपवर लिंक फिरवली, खाली 'राम कृष्ण हरी'ची रांग लागली. तेवढ्यात कुणीतरी दाखवून दिलं की, सुरुवातीच्या पाटीवर खजिनदारांच्या नावातला अनुस्वार राहिलाय. आता एकच उपाय: व्हिडिओ डिलीट करायचा. आधी कुणाला विचारत बसू नका, विचारलं की चांगले सल्ले मिळण्याचा धोका असतो.

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओसमोरच्या तीन ठिपक्यांत Delete forever असं लिहिलेलं सापडेल. त्यातला 'फॉरएव्हर' हा शब्द शोभेसाठी आहे असं समजा. मग एक खिडकी उघडते आणि हे कायमचं आहे, परत आणता येणार नाही, हे मला कळलंय अशा अर्थाच्या वाक्यापुढच्या चौकोनात खूण मागते. करा खूण. मोबाइलमधला फोटो उडवला तर कचरापेटीत सापडतो, तशी यूट्यूबवरही एखादी पेटी असणारच, असा विश्वास बाळगा. व्हिडिओसाठी तिथे पेटी नाही, मुदतही नाही, हे नंतर सावकाश कळेलच. त्याच खिडकीत व्हिडिओ उतरवून घेण्याची सोयही असते. तिच्याकडे बघूही नका. तशीही तिथून मिळणारी प्रत 720p किंवा 360p ची असते, आणि तुम्ही तर 4K वाले.

काही भित्रे लोक अशा वेळी व्हिडिओ 'प्रायव्हेट' करून ठेवतात. म्हणजे तो कुणाला दिसत नाही, पण जागच्या जागी राहतो आणि वाटेल तेव्हा पुन्हा खुला करता येतो. त्याहून चलाख लोक स्टुडिओतल्याच एडिटरमध्ये जाऊन पाटीचे सुरुवातीचे सेकंद कापून टाकतात. प्रक्रिया व्हायला वेळ लागतो, पण लिंक तीच, प्रेक्षकसंख्या तीच, प्रतिक्रियाही त्याच राहतात. व्हिडिओ एक लाखाहून जास्त वेळा पाहिला गेला असेल तर ही कापाकापी सरसकट करू देत नाहीत, पण ती अडचण आपल्या सप्ताहाला येण्यासारखी नाही. तुम्हाला मात्र असली थातूरमातूर डागडुजी शोभत नाही. काम मुळापासून.

व्हिडिओ गेला. आता दुरुस्त पाटी लावून तोच पुन्हा चढवा आणि सगळं पूर्ववत होईल म्हणून वाट बघा. होत नाही. यूट्यूब प्रत्येक अपलोडला 11 अक्षरांची नवी ओळख देतं. फाइल तीच असली तरी जुनी ओळख परत मिळत नाही, आणि आहे त्या लिंकखाली नुसती फाइल बदलून देण्याची सोयही नाही. त्यामुळे ग्रुपवर फिरलेल्या सगळ्या लिंका आंधळ्या झाल्या, नव्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या शून्यावरून सुरू झाली आणि 'राम कृष्ण हरी' म्हणणारे हवेत विरले. पण थांबा, मी गृहीत धरलं की पुन्हा चढवायला तुमच्याकडे मूळ फाइल आहे. माफ करा, तुम्हाला कमी लेखलं.

मूळ फाइल ठेवायची कशाला, यूट्यूबवर आहेच की! याच तर्काने तुम्ही ती चढवल्याच्या संध्याकाळी फोनमधून उडवली होती. दीड तासाचं 4K म्हणजे पंधराएक जीबी सहज जातात, आणि तेवढ्या जागेत सकाळच्या शुभेच्छांचे किती फुलांचे फोटो मावतात! फोनवरचा व्हिडिओ गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर तो तिथल्या कचरापेटीत 60 दिवस पडून राहतो, आणि 'रिस्टोअर' केलं की परत जागेवर येतो. म्हणून ती पेटी आजच हाताने रिकामी करा. साठ दिवस टांगती तलवार कोण ठेवणार?

इन्स्टाग्रामवर टाकलेलं त्याच कीर्तनाचं छोटं रील उडवलं असेल तर तिथे तुमची गैरसोय होईल. Your activity मध्ये Recently deleted नावाचा एक कोपरा आहे. उडवलेलं रील तिथे 30 दिवस जपून ठेवलेलं असतं, आणि बाहेर काढताना हे तुम्हीच आहात ना, याची कधी कधी कोड पाठवून खात्रीही करून घेतात. एकतिसाव्या दिवशी ते खरंच जातं, तेव्हा थोडा धीर धरा. तसंही दीड मिनिटाच्या रीलमधून दीड तासाचं कीर्तन निघत नाही.

कॅमेऱ्यावर शूट केलं असेल तर प्रकरण जरा चिवट आहे. कार्डावरून फाइल डिलीट केली किंवा कॅमेऱ्यात साधं फॉरमॅट मारलं, तरी बहुतेक वेळा आतला डेटा लगेच पुसला जात नाही. पुसली जाते ती फक्त त्याची नोंद. ती जागा नव्या शूटिंगने भरेपर्यंत जुनं चित्र तिथेच बसून असतं. जाणकार माणूस अशा वेळी कार्ड ताबडतोब बाहेर काढतो, संगणकाला लावून फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर चालवतो आणि सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता वेगळ्या डिस्कवर उतरवतो. त्या फाइलींची मूळ नावं गेलेली असतात. लांबलचक व्हिडिओचे तुकडे कार्डावर विखुरलेले असले तर फाइल सापडूनही चालत नाही. म्हणजे निम्मं काम नशिबाने आधीच केलंय, उरलेलं तुम्ही करा: तेच कार्ड घेऊन शेजारच्या गावच्या जत्रेला जा आणि कुस्त्यांचा फड सुरुवातीपासून शेवटपर्यंत शूट करा. नोंद पुसली होतीच, आता वर पैलवानही बसले.

यानंतर एखाद्या व्हिडिओखाली दुःख मांडा. कुणीतरी धावून येईल आणि अमक्या सरांनी माझं सगळं परत मिळवून दिलं, त्यांना मेसेज करा, असं सांगेल. सर आधी थोडे पैसे घेतील, मग पासवर्ड मागतील, मग तुमच्या फोनवर आलेला ओटीपी. द्या. व्हिडिओ यूट्यूबनेच ठेवला नसेल तर सर तो कुठून आणणार, हा प्रश्न विचारून त्यांचा अपमान करू नका. आतापर्यंत फक्त व्हिडिओ गेला होता, यानंतर खातंही जाईल.

सरांच्या हाती जाण्याआधी चॅनेल स्वतःच्या हातांनी मिटवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये दोन वाटा दिसतील. एक चॅनेल लपवण्याची. त्यात व्हिडिओ आणि सदस्य नजरेआड होतात आणि मन बदललं की पुन्हा समोर आणता येतात. ही वाट कच्च्या मनाच्या लोकांसाठी आहे. दुसरी सगळा मजकूर कायमचा काढून टाकण्याची. तिच्याआधी गूगल टेकआउटमधून सगळे व्हिडिओ एकदम मागवून घ्यायची सोय आहे, पण संग्रह तयार व्हायला तास लागतात, कधी दिवसही, आणि रागाला एवढा दम नसतो. राग त्यातूनही उरला तर अख्खं गूगल खातंच डिलीट करा. ते थोड्या काळापुरतं खातं परत मिळवण्याच्या पानावरून मागे आणता येऊ शकतं, मात्र उशीर झाला की तीही वाट बंद होते आणि जुना जीमेल पत्ता नव्याने घेता येत नाही. म्हणून ते पान उघडायची घाई करू नका. पुढचा सप्ताह जवळ आला आणि मंडळींनी 'गेल्या वर्षीचं कीर्तन पाठव रे' म्हटलं, की मग उघडा.