पाय नक्की कुठे येतो?

«साइनच्या n घाताचं 0 ते π/2 इंटिग्रल : n विषम असेल तर शेवटी π/2 लावा, सम असेल तर लावू नका. लिमिट π/4 असेल तर उत्तराचं निम्मं, π असेल तर दुप्पट. कॉसलाही हेच. सिद्धतेत वेळ घालवू नका, थेट मार्क्स!»

रविवारी ठाण्याहून नेरूळला बहिणीकडे गेलो होतो. भाची सीईटीचे पेपर सोडवत बसली होती. वहीत sin⁶x चं उत्तर 5/16 लिहून वर चौकट आखलेली. "मामा, ट्रिक आहे, ग्रुपवर सगळ्यांनी पाठवलीय," म्हणाली आणि फोन पुढे केला. परतीची लोकल सोडली ती यापायी.

हे लिहिणाऱ्या महाभागाने एकदा n = 1 घालून पाहायला हवं होतं. sin x चं 0 ते π/2 इंटिग्रल 1 येतं, हे अकरावीतलं पोरही सांगेल. याच्या नियमाने ते π/2 होतं. पण π/2 रुंद आणि 1 उंच अशा अख्ख्या आयताचं क्षेत्रफळच π/2 आहे! म्हणजे साइनच्या वक्राखाली पूर्ण आयत बसला म्हणायचा. तो आयत खरा n = 0 चा. सम-विषम सरळ उलटं टिपून घेतलंय.

आता ज्या सिद्धतेत वेळ घालवायचा नाही, ती अशी. sinⁿx च्या 0 ते π/2 इंटिग्रलला Iₙ म्हणू. sinⁿx चे sinⁿ⁻¹x आणि sin x असे दोन तुकडे करून बाय पार्ट्स लावा :

Iₙ = [−sinⁿ⁻¹x cos x] + (n−1)(Iₙ₋₂ − Iₙ)

कंसातलं पद दोन्ही टोकांना शून्य होतं, कारण 0 ला साइन शून्य आणि π/2 ला कॉस शून्य. उरतं Iₙ = (n−1)/n · Iₙ₋₂. प्रत्येक वेळी दोन पायऱ्या खाली. विषम n उतरत उतरत I₁ वर थांबतो, तिथे 1 आहे. सम n थांबतो I₀ वर, आणि पाय येतो तो तिथूनच. म्हणून I₆ = 5/6 · 3/4 · 1/2 · π/2 = 5π/32, साधारण 0.491. I₇ = 6/7 · 4/5 · 2/3 = 16/35, म्हणजे 0.457.

उत्तर तपासायलाही सोपं आहे. साइन 1 च्या वर जात नाही, त्यामुळे घात वाढला की क्षेत्रफळ घटलंच पाहिजे. I₅ = 8/15, म्हणजे 0.533. तेव्हा I₆ ने 0.457 आणि 0.533 यांच्या मधेच बसायला हवं. भाचीचं 5/16 म्हणजे 0.3125, ते I₇ च्याही खाली गेलं. कॅल्क्युलेटरवर आकडे बघून तिने स्वतःच चौकटीवर काट मारली. याच दोन बाजूंच्या चिमट्यातून π/2 चा अनंत गुणाकार सिद्ध करता येतो, जो वॉलिसने 1656 साली वेगळ्या वाटेने छापला होता. आपले तीन आकडेसुद्धा पाय 2.92 आणि 3.42 यांच्या मधे आहे एवढं सांगतात. फॉरवर्डच्या नियमाने करून बघा, 2.92 पेक्षा पाय मोठा आहे हेही निघणार नाही.

पण खरा घात निम्म्या लिमिटमध्ये आहे. सम-विषमची चूक एखादा पोरगा पकडेल, ही पटते आणि म्हणून राहते. सगळा डोलारा कंसातलं ते पद शून्य होण्यावर उभा आहे, आणि π/4 ला ना साइन शून्य ना कॉस. n = 2 घ्या. 0 ते π/4 च्या इंटिग्रलला J म्हणू. कंसातून −1/2 उरतो, म्हणून 2J = −1/2 + π/4, J = π/8 − 1/4, सुमारे 0.143. पूर्ण लिमिटचं उत्तर π/4, त्याचं निम्मं 0.393. जवळजवळ पावणेतीनपट! तो −1/4 टोकावरच्या पदाचा, ट्रिकवाल्याने तो फेकून दिला. आलेख काढला तरी दिसतं की sin²x चा फुगवटा π/2 कडे सरकलेला आहे, डाव्या अर्ध्यात पाचवा हिस्साही नाही. घात वाढेल तसा तो आणखी उजवीकडे जातो.

राहिलं दुप्पट. साइनपुरतं बरोबर आहे, मान्य करावं लागतं, कारण sin(π − x) = sin x. 0 ते π/2 मध्ये कॉसची उत्तरंही साइनसारखीच. पण लिमिट π असताना कॉसचा घात विषम असला, तर दुप्पट सोडाच, उत्तर शून्य. cos³x चे डावीकडचे 2/3 आणि उजवीकडचे −2/3 एकमेकांना खाऊन टाकतात.

भाचीने तिथेच 0 ते π/4 चं sin³x करायला घेतलं. कंसातलं पद आधी लिहिलं, −√2/4.