नाव बरोबर होतं, तरी पैसे दुसऱ्याच्या खात्यात का गेले? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

«लेख वाचला. सगळा बँकेच्या बाजूने लिहिलाय. वडिलांनी शाखेत जाऊन, फॉर्म भरून 48,000 रुपये एनईएफटी केले. खाते क्रमांकाच्या शेवटी 17 चं 71 झालं आणि पैसे भलत्याच माणसाला गेले. फॉर्मवर नाव बरोबर होतं, तरी जमा कसे केले? आता समोरची बँक म्हणते खातेदाराची संमती लागेल. पैसे आमचे, चूक ढळढळीत दिसतेय, मग संमती कसली? अकरा दिवस दोन्ही बँका एकमेकींकडे बोट दाखवताहेत. ‘अर्ज करा आणि वाट पाहा’ हे सांगायला लेख कशाला हवा?»

तुमचा राग समजतो. पण तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट आलेली नाही, आणि पुढचं सगळं तिच्यावरच ठरतं. 17 चं 71 नेमकं कुठे झालं? वडिलांनी फॉर्मवरच 71 लिहिलं होतं, की फॉर्मवर 17 होतं आणि काउंटरवर संगणकात भरताना 71 झालं?

वडिलांकडे बँकेचा शिक्का मारलेली पोचपावती असेल, तर ती आधी काढून बघा. हरवली असेल तरी हरकत नाही. मूळ फॉर्म त्या दिवसाच्या व्हाउचरांबरोबर बँकेकडेच राहतो, त्याची प्रत लेखी अर्ज करून मागा. फॉर्मवर 17 स्पष्ट दिसत असेल, तर चूक तुमच्या बँकेची आहे. शाखेत एकाने भरलेला क्रमांक दुसऱ्याने ताडून पाहायचा असतो, त्यालाच तिथे मेकर-चेकर म्हणतात. तो ताळा नीट झाला नाही असा याचा अर्थ. मग समोरच्या खातेदाराने संमती दिली की नाही, याच्याशी तुमचा संबंध उरत नाही. तुमच्या बँकेने वडिलांच्या खात्यात 48,000 रुपये जमा करावेत आणि वसुली तिने स्वतः करत बसावी. अर्जात हे याच शब्दांत लिहा: ‘फॉर्मवर दिलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष वापरलेला क्रमांक वेगळा आहे, रक्कम जमा करून द्यावी.’ नुसतं ‘पैसे चुकीच्या खात्यात गेले’ असं लिहिलंत, तर काउंटरवरचा माणूस ती ग्राहकाची चूक समजून नेहमीच्या फायलीत ढकलेल.

आता धरून चालू की फॉर्मवरच 71 आहे. तुमचे बाकीचे प्रश्न या स्थितीत खरे ठरतात.

नावाबद्दल. एनईएफटीच्या संदेशात लाभार्थ्याचं नाव जातं, पण समोरच्या बँकेची प्रणाली रक्कम जमा करताना फक्त खाते क्रमांक पाहते. ही त्या बँकेची मनमानी नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2010 मध्येच परिपत्रक काढून केवळ खाते क्रमांकावर जमा करायची मुभा दिली आहे, आणि तशी सूचना फॉर्मवर छापायलाही सांगितलं आहे. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत ती सापडेल. कारण साधं आहे. ‘सुनील पाटील’, ‘एस. आर. पाटील’ आणि ‘पाटील सुनील रामचंद्र’ हा एकच माणूस असतो, आणि यंत्राने नाव जुळवायचं ठरवलं तर बरोबर क्रमांकाचे असंख्य व्यवहारही अडकून पडतील.

इथे दोन्ही गोष्टी तुमच्या विरुद्ध गेल्या. 71 वर संपणारा क्रमांक अस्तित्वातच नसता, किंवा ते खातं बंद झालेलं असतं, तर जमा करता न आलेली रक्कम, एनईएफटीचे व्यवहार ज्या गटांनी पुढे जातात त्यातल्या त्या बॅचनंतर दोन तासांत परत पाठवण्याचं बंधन समोरच्या बँकेवर होतं. काही बँकांच्या खाते क्रमांकात शेवटचा अंक पडताळणीचा असतो, तिथे असे उलटसुलट अंक बहुतेक वेळा तिथल्या तिथे फेटाळले जातात. तुमच्या बाबतीत क्रमांक वैध निघाला आणि खातंही चालू निघालं.

यावर उपाय आता आला आहे. 30 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकानुसार एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी, खाते क्रमांक व आयएफएससी दिल्यावर खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत सुरू करायची होती. ही सोय मोफत आहे, आणि मोबाइल किंवा नेटबँकिंगपुरती नाही, शाखेत आलेल्या ग्राहकालाही ती मिळायला हवी. वडिलांना ते नाव दाखवलं गेलं होतं का, हे अर्जात विचारा. एवढ्यावर भरपाई मिळेलच असं नाही, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर हा मुद्दा वजनदार ठरतो.

आता संमती. पैसे तुमचे आहेत यावर वाद नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 72 नुसार चुकीने मिळालेले पैसे परत करणं घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण हे बंधन त्या खातेदारावर आहे, त्याच्या बँकेवर नाही. बँकेच्या दृष्टीने त्याच्या खात्यातली रक्कम तिने त्याला द्यायची आहे, आणि ती कमी करायला त्याचा आदेश लागतो किंवा न्यायालयाचा. उलट बाजूने विचार करा. उद्या कोणी तुमच्या वडिलांना उधारी फेडली आणि आठवड्याने आपल्या बँकेला सांगितलं की चुकून पाठवले, तर एका पत्रावर वडिलांच्या खात्यातून पैसे काढलेले चालतील का? कागदावर हे दोन्ही अर्ज सारखेच दिसतात. ‘चूक ढळढळीत आहे’ हे तुम्हाला दिसतं, कारण खरा क्रमांक तुम्हाला माहीत आहे. समोरच्या बँकेकडे तो अजून पोचलाय का, याची खात्री करा.

कारण अकरा दिवस बहुधा इथेच गेले आहेत. ‘आम्ही मेल केला’ हे वाक्य शाखेत सर्रास ऐकू येतं, आणि तो मेल अनेकदा समोरच्या बँकेच्या कुठल्यातरी सर्वसाधारण पत्त्यावर पडून असतो. एनईएफटीसाठी प्रत्येक बँकेचं ग्राहक सुविधा केंद्र असतं, आणि त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तुमच्या बँकेचं पत्र तिथे आणि ज्या शाखेत ते खातं आहे तिथे, दोन्हीकडे जायला हवं. शाखा आयएफएससीवरून कळते. पत्रात यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, तारीख, रक्कम, चुकून वापरलेला क्रमांक आणि खरा क्रमांक हवा. त्या खऱ्या क्रमांकावर पूर्वी पैसे पाठवले असतील, तर पासबुकातली ती नोंदही जोडा. एकाच माणसाला आधी 17 वर पैसे गेले होते आणि या वेळी 71 वर गेले, हे एका नजरेत दिसलं की समोरच्या अधिकाऱ्याची शंका बरीचशी फिटते.

पत्रात पहिली मागणी परतीची नको, रक्कम रोखून ठेवण्याची हवी. बँकेच्या भाषेत लिएन किंवा होल्ड. खातं गोठत नाही, फक्त तेवढी रक्कम काढता येत नाही. अशा वादात किती रोखायचं हे बँक स्वतः ठरवते आणि नकारही देऊ शकते, पण मागणी तुमच्या बँकेकडून आली तर ऐकली जाण्याची शक्यता बरीच वाढते. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं. समजा जमा झाल्यानंतर चौथ्या दिवशी त्या खात्यातून 12,400 चा हप्ता आपोआप गेला आणि आता तिथे 35,600 उरले आहेत. मग खातेदाराने आनंदाने संमती दिली तरी आज तेवढेच मिळतील. ते घ्या, पण पोच देताना ‘अंशतः मिळाले, 12,400 येणे बाकी’ असं लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ अशा छापील मजकुराखाली सही करू नका.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे ते खातं थकीत कर्जाचं किंवा कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी उचल घेतलेल्या कर्जाचं निघणं. तिथे जमा झालेली रक्कम त्याच क्षणी थकबाकीत वळती होते, रोखायला मागे काहीच उरत नाही. अशा वेळी पत्र शाखेला न लिहिता त्या बँकेच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहा आणि ही रक्कम कर्जदाराची नव्हतीच, ही हरकत नोंदवा.

खातेदाराचं नाव, फोन तुम्हाला मिळणार नाही. बँकेवर गोपनीयतेचं बंधन आहे, तिथे वाद घालून उपयोग नाही. कुठून तरी त्याचा नंबर मिळालाच, तरी ‘परत पाठवा’ म्हणून मागे लागू नका. ‘चुकून पैसे आले, परत करा’ हा आज फसवणुकीचा नेहमीचा सापळा आहे, त्यामुळे सावध माणूस परस्पर पाठवायला नकारच देईल आणि ते बरोबरच आहे. त्याच्या बँकेने त्याच्याकडून लेखी संमती घ्यायची, त्याच्या खात्यातून रक्कम काढायची आणि ती तुमच्या बँकेकडे पाठवायची, हाच दोघांसाठी सुरक्षित रस्ता. परत येणारी रक्कम नवा व्यवहार म्हणून येते, तिचा यूटीआर वेगळा असतो. जुना क्रमांक शोधत बसलात तर आलेले पैसेही दिसणार नाहीत.

घाईने 1930 वर मात्र फोन करू नका. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार केलीत तर एका निर्दोष माणसाचं खातं गोठेल, तो संमती द्यायच्या मनःस्थितीत राहणार नाही, आणि खोट्या तक्रारीचं उत्तर वडिलांना द्यावं लागेल.

खातेदाराने साफ नकार दिला, तर तो नकार तुमच्या बँकेकडून लेखी घ्या. मग वकिलाची नोटीस, कलम 72 चा आधार घेऊन. नाव माहीत नसल्यामुळे ती त्याच्या बँकेमार्फत पोचवावी लागते. दुसऱ्याचे पैसे आहेत हे कळूनही वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो, आणि नोटिशीत तो उल्लेख असला की बरेचजण बँकेत येऊन सही करतात. तरीही नाहीच, तर दिवाणी दावा. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. 48,000 साठी दावा लावायचा का, हा हिशेब वकिलाच्या फीसकट तुम्हीच करायचा.

बँकांच्या टोलवाटोलवीसाठी वेगळी वाट आहे. तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. चूक वडिलांची असेल तर लोकपाल त्या खातेदाराच्या खिशातून पैसे काढून देणार नाही. तो एवढंच पाहील की तुमच्या बँकेने पत्र कधी पाठवलं, समोरच्या बँकेने खातेदाराशी संपर्क कधी साधला आणि रक्कम रोखण्याच्या मागणीचं काय केलं. म्हणून आजच शाखेत जाऊन समोरच्या बँकेला गेलेल्या पत्राची तारखेसह प्रत मागा. ती देताना टाळाटाळ झाली, तर पत्र अजून गेलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.